पितळ, काळा आणि क्रोम: एका घरात तिघं नांदतील का?

वाचकाचं पत्र

"बेळगावजवळच्या नव्या वसाहतीत आमचं घर होत आलंय. नळ यजमानांनी क्रोमचे घेतले, बाथरूममधले डायव्हर्टर भिंतीत बसलेसुद्धा. पाणी बोअरचं आहे. सासऱ्यांनी खानापूर तालुक्यातल्या जुन्या घराची पितळी कडी, कोयंडा आणि चार मुठी जपून ठेवल्यात, त्या लावायच्याच म्हणतात. मुलीला दिवे काळे हवेत. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, लॅमिनेट मोतिया रंगाचं. आता कपाटांची आणि दारांची हँडलं घ्यायची राहिलीत. जाऊबाई म्हणतात, सगळं एका रंगाचं करा, नाहीतर घर हार्डवेअरच्या दुकानासारखं दिसेल. सासऱ्यांना नाराज करू, मुलीला गप्प करू की नळ बदलू?"
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर

ताई, यातलं काहीच करू नका. नळ तर मुळीच बदलू नका, त्याचं कारण पुढे सांगते.

आधी जाऊबाईंच्या म्हणण्याकडे बघू. सगळं एका रंगाचं करायचं म्हणजे नक्की काय काय? तुमच्या ओट्यावर स्टीलचं सिंक असणार, मांडणीत स्टीलची ताटं, डबे, तांब्या-भांडं असणार. देवघरात समई, घंटा, ताम्हण पितळेचं असणार. ओटा काळा आहेच. शेगडीची काच, टीव्ही, खिडकीची जाळी, हेही बहुतेक घरांत काळंच असतं. म्हणजे पांढरट धातू, पिवळा धातू आणि काळा रंग हे तिन्ही तुमच्या घरात तुम्ही काहीही विकत न घेता आलेले आहेत. हँडलं कुठलीही घेतलीत तरी घर एका रंगाचं होणार नाही. त्यामुळे मिसळावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. कुणाला कुठे आणि किती जागा द्यायची, एवढंच ठरवायचं आहे.

जाऊबाईंची भीती मात्र खोटी नाही. काही घरांत शिरल्याबरोबर डोळ्यांना खटकतं, आणि नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. अशा घरात मी पहिल्यांदा पिवळं बघते. पितळेजवळ क्रोम असल्याने सहसा बिघडत नाही, कारण ते दोन रंग उघडउघड वेगळे आहेत आणि डोळा ते वेगळे म्हणूनच स्वीकारतो. बिघडतं ते पितळेशेजारी दुसरं, जरासं निराळं पितळ आल्यावर. दाराचं हँडल चकचकीत लिंबूपिवळं, कपाटाचं हँडल मंद सोनेरी, दिव्याची दांडी गुलाबीकडे झुकलेली आणि समई जुनी, तांबूस तपकिरी झालेली. चारही वस्तूंच्या खोक्यांवर 'ब्रास' किंवा 'गोल्ड' असंच लिहिलेलं असतं. पण दोन कंपन्यांचा 'ब्रास' एकसारखा नसतो. एकाच कंपनीतसुद्धा 'अँटिक ब्रास', 'सॅटिन ब्रास' आणि 'पॉलिश ब्रास' वेगवेगळे दिसतात. रंग जुळवायला गेले आणि थोडक्यात फसले, असं ते घर सांगत राहतं. क्रोमचं तसं होत नाही. कुठल्याही दोन कंपन्यांचे क्रोमचे नळ शेजारी ठेवा, फरक शोधावा लागतो.

खटकण्याचं दुसरं कारण चमक. क्रोम म्हणजे आरसाच असतो, समोरचं सगळं त्यात दिसतं. त्याच्या हातभर अंतरावर तितकंच चकचकीत पॉलिश केलेलं पितळ आलं की दोघंही लक्ष ओढतात आणि नजर ठरत नाही. एका नजरेत एकच वस्तू आरशासारखी ठेवावी, बाकीच्या मंद. तुमचे नळ क्रोमचे आहेत, म्हणजे चकाकायचा मान त्यांना गेला. पितळ जुनं आहे तसं मंद राहू द्या आणि काळं मॅट घ्या. एवढ्यानेच निम्मं काम झालं.

आता तिघांची कामं वाटू. मी रंगापेक्षा कामावरून वाटणी करते: पाण्याजवळ क्रोम, हाताजवळ पितळ किंवा काळं, आणि वर छताकडे काळं.

पाण्याजवळ क्रोम का, तर तुमचं पाणी बोअरचं आहे. शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. बाहेरच्या वसाहतींत मात्र बरेच जण बोअरवर असतात आणि बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. जड पाण्याचा थेंब नळावर सुकला की क्षाराचा पांढरा ठिपका मागे राहतो. क्रोमवर तो फारसा दिसत नाही आणि ओल्या फडक्याने पुसला की निघतो. काळ्या मॅट नळावर तोच ठिपका चुन्याच्या शिंतोड्यासारखा उठून दिसतो. मग कुणीतरी कंटाळून बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड किंवा घासणी घेतं आणि काळा थर जातो, विशेषतः स्वस्तातला, नुसता रंग मारलेला असेल तर. कडांवरून आधी उडतो आणि आतलं पितळ किंवा जस्त दिसायला लागतं. काळे नळ वाईट असतात असं मी म्हणत नाही. पीव्हीडी पद्धतीचा, म्हणजे धातूची वाफ करून बसवलेला थर असलेले चांगले टिकतात, पण जड पाण्याला ते रोज पुसायला लागतात, आणि घरातल्या कुणाला तेवढा वेळ आहे हे मनाशी खरं ठरवूनच घ्यावेत. तुमच्या यजमानांनी विचार करून घेतले असोत वा नसोत, निवड योग्य झाली आहे.

दुसरं म्हणजे डायव्हर्टर, नळाचं पाणी शॉवरकडे वळवणारी ती कळ. त्याचा मुख्य भाग भिंतीच्या आत गेला आहे. बाहेर दिसणारी प्लेट आणि मूठ त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलची लागते, दुसऱ्याची बसत नाही. तेव्हा नळ काळे करायचे म्हटलं तर एकतर त्याच मॉडेलची काळी प्लेट मिळते का ते शोधायचं, नाहीतर टाइल फोडायची. टाइल लावून झाल्यावर तो विचार सोडूनच द्यावा.

बाथरूममध्ये मात्र क्रोम अर्धवट ठेवू नका. शॉवर, स्पाउट, हेल्थ फॉसेट, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, अँगल कॉक, फरशीवरची जाळी, टॉवेल रॉड हे सगळं एका रंगात. गडबड बहुतेक अँगल कॉकपाशी होते. लोक महाग काळा नळ घेतात आणि खाली प्लंबरने आणलेला साधा क्रोमचा कॉक तसाच लटकत राहतो. तुमचं तर सगळं क्रोमच आहे, त्यामुळे प्लंबर काहीही घेऊन आला तरी रंग जुळेल. टॉवेल रॉड तेवढी काळी दिसली म्हणून मोहात पडू नका. एकटी काळी वस्तू चुकून आल्यासारखी दिसते. काळं आणायचंच असेल तर आरशाची चौकटही काळी घ्या, म्हणजे ते जाणूनबुजून केलेलं दिसेल.

एक नियम सगळ्या घराला लावा. जो रंग मुख्य नाही, तो एका नजरेत निदान दोनदा दिसला पाहिजे.

आता सासऱ्यांच्या पितळेकडे येऊ, कारण या घरातली सगळ्यांत किमती गोष्ट तीच आहे. कडी-कोयंडा आणि मुठी कामाला लावायच्या आधी त्या सगळ्या एकाच धातूच्या आहेत का ते बघा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. चिकटला नाही म्हणून पितळच आहे असंही समजू नका, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. मूठ उलटी करा आणि मागच्या बाजूला, स्क्रूच्या भोकाच्या आतल्या कडेवर हलकंसं खरवडा. पिवळं दिसलं तर अस्सल पितळ, करडं-पांढरं दिसलं तर जस्त. जुन्या घरातलं सामान बहुतेक ओतीव पितळेचंच असतं आणि हातात घेतल्यावर जडही लागतं.

ते अस्सल असेल तर त्याला बफिंग करून नव्यासारखं चकचकीत करू नका. बेळगावात फौंड्र्या आणि मशीनकाम इतकं आहे की बफिंग करणारा सहज सापडेल आणि हौसेने करूनही देईल. पण बफिंग केलं की दोन गोष्टी होतील. मुठींवरच्या नक्षीच्या धारा बोथट होतील आणि पितळ लिंबूपिवळं होऊन क्रोमच्या शेजारी झगझगायला लागेल. त्याऐवजी साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने मळ काढा, पूर्ण कोरडं करा आणि मऊ फडक्याने पुसा. खाचांत काळं राहू दे, जिथे हात लागतो तो भाग आपोआप उजळ राहील. पावसाळ्यात पितळ काळवंडेल, आपल्याकडच्या दमट हवेत ते होणारच. चिंच किंवा पितळ घासायची पावडर वर्षातून एखाद्या वेळी अस्सल पितळेला चालते. नव्या 'ब्रास फिनिश' हँडलांना मात्र चुकूनही लावू नका. त्यांच्यावर पारदर्शक लॅकर असतं, ते जागोजागी निघतं आणि खालचं पितळ ठिपक्याठिपक्यांनी काळं पडतं.

चार मुठी आहेत. दोन मुख्य दाराला, कडी-कोयंड्यासोबत. उरलेल्या दोन कपाटाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात न लावता देवघराच्या खालच्या कप्प्यांना लावा. समई-घंटेशेजारी जुनं पितळ शोभतं, त्या पिवळ्याचं या पिवळ्याशी भांडण होत नाही कारण दोन्ही वापरून मुरलेली आहेत. असं केलं की दारातून आत आल्यावर पितळ दोन ठिकाणी भेटतं आणि ते मुद्दाम योजलेलं वाटतं. आणि नवं पितळी किंवा सोनेरी हँडल घरात एकही आणू नका. सासऱ्यांच्या वस्तूंची शान त्यातच टिकेल. नव्या सोनेरीची रांग लागली की जुन्या मुठी मळकट दिसायला लागतात, हे मी गावाकडून आणलेल्या सामानाच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलंय.

मुख्य दारावर एक पथ्य पाळा: एका दारावर एकच धातू. कडी पितळेची, आणि शेजारी क्रोमचं लॅच, स्टीलचं डोअर आय, काळा स्टॉपर असं झालं की सगळी मेहनत वाया जाते. लॅचची बाहेरची प्लेट आणि डोअर आय जुनाट पितळी रंगात मिळतात. वर सांगितलेल्या "नवं पितळ नको" याला हा अपवाद, कारण ते लहान आहेत आणि मुठीपासून जरा दूर बसतात. जमल्यास बिजागऱ्याही पितळेच्या घ्या, दार बंद असताना त्यांची गोटी दिसते.

उरली हँडलं. इथे तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघू. समोर काळ्या ओट्याची आडवी पट्टी, त्यात स्टीलचं सिंक आणि क्रोमचा नळ, शेगडी, मांडणी. बाजूला देवघर. जेवणाच्या टेबलावर मुलीचे दोन काळे लटकते दिवे. आता या चित्रात हँडलं भरा.

क्रोमची भरली तर सिंक, नळ, भांडी आणि हँडलं मिळून सगळी पांढरट चमक एका उंचीवर गोळा होते. दिवे वर एकटे पडतात, देवघर बाजूला एकटं पडतं. सोनेरी भरली तर डझनभर नव्या पिवळ्या रेघा जुन्या समईशी स्पर्धा करतात. काळी मॅट भरली तर ओटा, हँडलं आणि दिवे अशी एक काळी साखळी वरून खालपर्यंत जुळते, क्रोम फक्त पाण्याजवळ राहतं आणि पितळ फक्त देवापाशी. मोतिया लॅमिनेटवर काळी रेघ स्वच्छ दिसते. मी काळी घेईन. एका नजरेत काळं साधारण निम्म्याहून जास्त, क्रोम त्याच्या निम्मं आणि पितळ थोडंसंच, असा ढोबळ हिशेब ठेवा. फूटपट्टी लावून मोजायचं नाही, पण तिघंही सारखे झाले तर कुणीच मुख्य राहत नाही आणि मग खरोखर दुकान वाटतं.

काळ्या हँडलांची एक अडचण आधीच सांगते. तेलाचा किंवा पिठाचा हात लागला की डाग दिसतो. अगदी गुळगुळीत घेण्याऐवजी किंचित खरखरीत पोताचं घ्या आणि सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, घासणी नको. दुकानात हँडलाच्या टोकांकडे बघा. धार गोलसर, रंग साचल्यासारखी दिसली तर जाड रंग मारलाय आणि तो तिथूनच आधी उडेल. सुताराला दोन भोकांमधलं अंतर प्रमाण मापाचं ठेवायला सांगा: ९६, १२८ किंवा १६० मिलिमीटर, सगळीकडे एकच. पुढे मन बदललं तर लॅमिनेट न बिघडवता दुसरी हँडलं त्याच भोकांत बसतात. घरातली सगळ्यांत स्वस्तात बदलता येणारी गोष्ट हँडलं आहेत आणि सगळ्यांत महागात बदलणारी नळ. म्हणून नळ आधी पक्के धरून बाकीचं त्यांच्याभोवती बसवायचं. ज्या वाचकांचं घर आधीच झालंय आणि खटकतंय, त्यांनीही खर्चाची सुरुवात हँडलांपासून करावी.

आतल्या खोल्यांच्या दारांची हँडलंही काळीच घ्या, सगळीकडे एक. पॅसेजमध्ये उभं राहिलं की तीन-चार दारं एकदम दिसतात, तिथे बदल नको. टॉवर बोल्टही काळा. बिजागऱ्या स्टीलच्या राहिल्या तरी चालतील, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बेडरूमच्या कपाटांना मात्र वेगळं काही हवं असेल तर मोकळीक आहे, कारण ती खोली हॉलमधून दिसत नाही.

मुलीच्या दिव्यांबद्दल तिला माझ्याकडून होकार कळवा, पण बल्ब तिने एकटीने निवडू नयेत. धातूचा रंग अर्धा त्याचा स्वतःचा आणि अर्धा प्रकाशाचा असतो. आपल्याकडे घरोघर ६५०० केल्विनचे पांढरे बल्ब लागतात. त्या प्रकाशात क्रोम निळसर दिसतं आणि पितळ हिरवट, आजारी पिवळं. जुळत नाही म्हणून लोक धातूंना दोष देतात, दोष बल्बचा असतो. ३००० केल्विनच्या उबदार प्रकाशात पितळ खुलतं आणि क्रोम आरसा असल्यामुळे त्याच उबदार प्रकाशाचा रंग घेतं, म्हणजे दोघं आपोआप जवळ येतात. ओट्यावर भाजी चिरायला जास्त पांढरा उजेड हवा वाटत असेल तर ४००० केल्विनची पट्टी कपाटाखाली लावा, त्याहून वर जाऊ नका. एकाच खोलीत ३००० आणि ६५०० एकत्र आले की धातू कितीही नीट निवडलेले असले तरी बेसूर दिसतात.

मुलीला काळ्याबरोबर थोडं सोनेरी असलेला दिवा आवडला तर? टोपीच्या आतल्या बाजूला सोनेरी मुलामा असलेले काळे दिवे छान मिळतात. ते बाहेरून काळे आणि आतून उबदार दिसतात, काळ्याचा आणि देवघराच्या पितळेचा दुवा जोडतात. आतलं सोनेरी प्रकाशात दिसत असल्यामुळे नव्या-जुन्या पिवळ्याचा फरक तिथे जाणवत नाही. टेबलावर असे दोन चालतील. बाहेरची दांडी सोनेरी असलेला दिवा नको.

ऑर्डर द्यायच्या आधी एक काम करा. दुकानातून काळ्या हँडलाचा एक नग आणा, तुमच्या लॅमिनेटच्या तुकड्यावर दुहेरी चिकटपट्टीने लावा. तो तुकडा ओट्यावर नळाजवळ उभा करा, शेजारी सासऱ्यांची एक मूठ ठेवा. सकाळच्या उजेडात आणि रात्री ३०००चा बल्ब लावून, दोन्ही वेळा दारात उभं राहून मोबाईलवर फोटो काढा आणि तो अंगठ्याएवढा लहान करून बघा. लहान फोटोत जी वस्तू सगळ्यांत आधी डोळ्यांत भरते, ती मुख्य. ती हँडलं किंवा ओटा असेल तर ठीक. नळ किंवा मूठ आधी ओरडत असेल तर तिची चमक जास्त आहे. हाच फोटो जाऊबाईंनाही पाठवा, त्यांची शंका शब्दांपेक्षा त्यानं लवकर फिटेल.

आणि मुठी बसवायच्या दिवशी सुताराला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. जुन्या दाराच्या फळ्या जाड असायच्या, मुठींचे बोल्ट त्या मापाचे लांब आहेत. नव्या दारात ते आतल्या बाजूला बाहेर येतील. बोल्ट नवीन स्टीलचे टाकण्यापेक्षा तेच मापात कापून, टोकाला आटे पाडून घ्यावेत आणि आतून पितळेचाच वॉशर व नट लावावा. जुने बोल्ट झिजले असतील तर पितळेचे नवे करून घ्या. देवघराच्या कप्प्यांची फळी तर त्याहून पातळ असते, तिथे मागून लाकडाचा एक तुकडा चिकटवून जाडी वाढवावी लागेल, नाहीतर एवढी जड मूठ रोज ओढून भोक सैल होईल.